फोनच्या स्पीकरवर टिकणारा आवाज: अमळनेरच्या एका मसाल्यासाठी सव्वा सेकंदाची ओळख कशी बनवली

अमळनेरला एका वहिनींचा घरगुती काळ्या मसाल्याचा धंदा आहे. दुकानात माल ठेवत नाहीत, बोर्ड नाही, पेपरात जाहिरात नाही, सगळी विक्री व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर आणि रील्सवर चालते. शेवभाजीचा व्हिडिओ टाकला की ऑर्डर येते, भरताचा टाकला की येते. मी जळगावला व्हिडिओ एडिटिंग आणि साऊंडचं काम करतो, तर त्यांनी मला सांगितलं की भाऊ, माझा व्हिडिओ लागला की न बघता कळलं पाहिजे की हा आपला मसाला आहे, असा एखादा आवाज करून द्या. खाली जे लिहितोय ते त्याच कामातून शिकलेलं आहे. तुमचं गिऱ्हाईक पण मुख्यतः फोनवरच्या व्हिडिओतून येत असेल तर हीच पद्धत कामाला येईल, धंदा केळीच्या वेफर्सचा असो नाहीतर क्लासचा.

आधी माझी चूक सांगतो कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. पहिल्यांदा मी साडेचार सेकंदांचा पीस बनवला होता, खाली ढोलकीचा घुमारा, त्यावर संबळ, वर एक रुंद पसरलेला सिंथचा सूर. हेडफोनवर ऐकलं तर अंगावर काटा यायचा. वहिनींच्या फोनवर पाठवलं, त्यांनी स्वयंपाकघरात ओट्यावर फोन ठेवून लावलं, वर पंखा चालू, आणि म्हणाल्या, "भाऊ, काही आयकू येस नही." मी पण कान लावला तर खरंच, एक टिक-टिक आणि मागे काहीतरी पुसट. घुमारा नाही, सूर पण अर्धा गायब.

झालं काय होतं ते समजून घ्या. फोनचा स्पीकर नखाएवढा असतो, त्याला हवा ढकलायला जागाच नाही, त्यामुळे साधारण ३०० ते ४०० हर्ट्झच्या खालचं तो नीट वाजवूच शकत नाही. ढोलकीचा घुमारा, बास, तबल्याचा डग्गा, हे सगळं त्याच्या खाली राहतं, म्हणजे ज्या आवाजावर आपण भरवसा ठेवला तोच पोचत नाही. आणि सिंथ का गेला, तर मी तो रुंद वाटावा म्हणून डाव्या-उजव्या चॅनलला उलटी लाट देणारा इफेक्ट टाकला होता, आणि कित्येक फोनला एकच स्पीकर असतो, तिथे दोन्ही चॅनल एकत्र झाले की उलट्या लाटा एकमेकीला खाऊन टाकतात. हेडफोनवर हे कधीच कळत नाही. म्हणून आता माझा नियम आहे की पहिल्या दिवसापासून मोनोमध्येच बनवायचं, आणि आपला कान जिथे सगळ्यात तिखट असतो, म्हणजे २,००० ते ५,००० हर्ट्झ, तिथे या आवाजाचं काहीतरी ठळक असलंच पाहिजे.

आवाज शोधायला धंद्याच्या जागेवर जा

दुसऱ्यांदा मी लॅपटॉप घरी ठेवला आणि सकाळपासून दुपारपर्यंत वहिनींच्या घरी बसून राहिलो. मोठं कांडप गिरणीवर होतं, पण खडा मसाला भाजून थोडा थोडा कुटून चव बघायचं काम त्या स्वतः लोखंडी खलबत्त्यात करतात. त्यांचा हात बघत होतो. दोन घाव आत धण्यांवर, आणि मग बत्त्याला चिकटलेलं पीठ खाली पडावं म्हणून बत्ता खलाच्या काठावर एकदा आपटायचा. ठक, ठक, टण्ण. परत ठक, ठक, टण्ण. त्यांना विचारलं तर त्यांच्या लक्षातच नव्हतं की आपण असं करतो. सासूबाई पण तसंच करायच्या म्हणे.

मला तिथेच मिळालं, कारण एक तर हा आवाज त्यांच्या हाताचा होता, आणि दुसरं म्हणजे तो फोनसाठी जणू घडवलेलाच होता. धणे चिरडतात तेव्हाचा जो कर्र आवाज आहे तो वरच्या पट्टीत पसरलेला असतो, आणि काठावरचा टण्ण हा लोखंडाचा नाद, तोही वरचा. नुसता घाव असता तर धप्प झाला असता आणि फोनने गिळला असता.

तुमच्याकडे शोधताना हेच दोन प्रश्न विचारा. हा आवाज काम करताना आपोआप होतो का, आणि त्यात काहीतरी वरचं, कडक किंवा खरखरीत आहे का. पापड मोडल्याचा आवाज चालेल, शटर उघडल्याचा चालेल, दुधाच्या कॅनचं झाकण चालेल. पोळीवर तूप पडल्याचा नाही चालणार, तो फोनवर नुसता सुसू होतो आणि पंख्याच्या आवाजात मिसळतो.

रेकॉर्डिंग

स्टुडिओ लागला नाही, पण वेळ निवडावी लागली. वैशाखात आमच्याकडे दिवसा पंखा बंद करून बसणं म्हणजे शिक्षा आहे, म्हणून पहाटे साडेपाचला केलं, फ्रीजचा प्लग काढला, खिडकीला आणि मागच्या भिंतीला गोधड्या टांगल्या म्हणजे खोलीचा घुमणारा आवाज कमी होतो. खल थेट फरशीवर ठेवला तर फरशीचा धप्प आवाज मिसळतो, म्हणून खाली गोणपाटाच्या दोन घड्या. खलाला हाताने धरायचं नाही, धरला की नाद मरतो, वहिनी सवयीने डावा हात काठाला लावत होत्या तर तो काढायला सांगावा लागला. माईक एक हातभर लांब आणि जरा वरून, अगदी जवळ नेला तर घावाच्या वाऱ्याने फटकारा येतो.

माईक नसेल तर फोनवर करा पण एक खोड सांभाळा. बरीच रेकॉर्डर अ‍ॅप्स बोलण्यासाठी बनवलेली असतात, ती मोठा आवाज आला की स्वतःहून लेव्हल खाली ओढतात आणि बारीक आवाजाला गोंगाट समजून कापतात. ओळखायचं कसं, तर सारख्या जोराचे पाच घाव मारा, दुसरा-तिसरा पहिल्यापेक्षा दबलेला ऐकू आला किंवा टण्णची शेपटी मध्येच कट झाली तर अ‍ॅप गडबड करतंय. मग असं अ‍ॅप घ्या ज्यात ही आपोआप सुधारणा बंद करता येते आणि जे WAV मध्ये सेव्ह करतं. लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात जोराचा घाव −६ डीबीच्या वर जाऊ नये, लोखंडाचा घाव एका क्षणात वर उसळतो आणि एकदा फाटला की नंतर दुरुस्त होत नाही.

आम्ही तीसेक वेळा घेतलं. कधी रिकामा खल, कधी मूठभर धणे, कधी खल भरून. भरला की टण्ण निघतच नाही, मसाला नाद शोषून घेतो. रिकामा असेल तर ठक-ठक पण घंटेसारखे वाजतात. मूठभर धण्यांवाले टेक सगळ्यात चांगले आले, त्यातले तीन ठेवले.

सव्वा सेकंदात बसवणं

काम ऑडॅसिटी या साऊंड एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं, ते फुकट आहे आणि पुरेसं आहे. आधी प्रोजेक्ट ४८,००० हर्ट्झवर ठेवा कारण व्हिडिओ साधारण त्याच दराने चालतात. मग टण्णची शेपटी सिलेक्ट करून Analyze मध्ये Plot Spectrum उघडा, तिथे डोंगरासारखा आलेख येतो आणि उंच टोकावर कर्सर नेला की तो किती हर्ट्झचा आणि कुठला सूर आहे ते दिसतं. आमच्या खलाचं सगळ्यात उंच टोक १,२४० हर्ट्झच्या आसपास निघालं, म्हणजे D#6, आपल्या पेटीच्या भाषेत काळी दोनचा सूर, फक्त बराच वरचा.

हे बघणं का गरजेचं ते सांगतो. नुसता लोखंडाचा नाद फोनवर थोडा थंड वाटतो, टोचतो पण. त्याच्याखाली पेटीचा एक सूर हलका ठेवला तर ऊब येते, पण तो सूर खलाशी जुळला नाही तर दोन्ही मिळून बेसूर लागतं आणि ऐकणाऱ्याला कारण न कळता नकोसं होतं. खलाला सुरात आणायच्या भानगडीत पडू नका, लोखंडाच्या नादात एकमेकांशी न जुळणारी बरीच टोकं असतात, ओढाताण केली की तो पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. पेटीलाच खलाच्या सुरात आणा. आम्ही काळी दोनचा ६२२ हर्ट्झवाला सूर घेतला, म्हणजे खलाच्या बरोबर एक सप्तक खाली, आणि तो फोनच्या हद्दीत आरामात बसतो. सुरुवात हळू उगवणारी ठेवली म्हणजे टण्णचा ठोका झाकला जात नाही, आणि आवाज एवढाच की काढला तर काहीतरी गेलं असं वाटावं पण असताना पेटी आहे असं कोणी म्हणू नये.

वेळ अशी बसली: पहिला ठक शून्यावर, दुसरा पाव सेकंदाच्या जरा आधी, टण्ण अर्ध्या सेकंदावर, आणि त्याची शेपटी पुढे पाऊण सेकंद विरत जाते. एकूण सव्वा. वहिनींचा खरा हात याहून थोडा संथ होता, पण मी ठोक्यांमधलं अंतर घड्याळासारखं समान केलं नाही, त्यांचा दुसरा घाव जरा लवकर पडतो तो तसाच राहू दिला. सारखं केलं तेव्हा मशीन वाजल्यासारखं झालं होतं.

ठकमधल्या धप्प भागाचं काय करायचं हा प्रश्न राहतो, कारण तो ११० हर्ट्झच्या आसपास होता आणि फोनवर येणार नाही. इथे कानाची एक गंमत उपयोगी पडते. ११० चा मूळ सूर नसला तरी त्याच्या पटीतले ३३०, ४४०, ५५० ऐकू आले तर मेंदू खालचा सूर स्वतः भरून घेतो. म्हणून त्या धप्पची एक कॉपी करून त्यावर थोडं डिस्टॉर्शन लावलं, त्याने वरच्या पटी तयार होतात, मग मूळ खालचा भाग बराचसा कापला. फोनवर आता ठक भरीव वाटतो. जास्त लावलं तर फाटका आवाज येतो, तेव्हा कमीतच थांबा.

सगळ्यात सोप्पी चाचणी कॉम्प्युटरवरच होते, फोनचा स्पीकर जे टाकून देतो ते ffmpeg नावाच्या प्रोग्रॅमच्या या कमांडने आधीच टाकून ऐकायचं:

```
ffmpeg -i cue.wav -af "highpass=f=400,highpass=f=400,lowpass=f=8000" -ac 1 phone_test.wav
```

ही फाईल ऐकून पण आवाज ओळखू येत असेल तरच पुढे जा. पण ही फक्त गाळणी आहे, खऱ्या फोनची जागा ती घेत नाही.

लोकांवर चाचणी, आणि इथे आमचं पुन्हा अडलं

मी तीन फोन घेतले, एक महागडा, एक जुना, आणि एक असा की ज्याच्या स्पीकरच्या जाळीत कणीक अडकलेली होती, कारण खऱ्या घरात असेच फोन असतात. आवाज अर्ध्यावर, फोन हातभर लांब, ऐकणाऱ्याची पाठ फोनकडे आणि वर पंखा चालू. मग फुले मार्केटमधल्या ओळखीच्या दुकानात बसून पण लावून बघितलं.

आवाज पोचत होता, पण झालं असं की मी लावला की समोरचा माणूस आपला खिसा चाचपायचा. एक नाही, चार जण. त्यांना वाटायचं मेसेज आला. माझ्या लक्षात आलं की मी एडिट करताना ठक-ठक फार दाबून टाकले होते आणि टण्ण गुळगुळीत साफ केला होता, त्यामुळे उरला फक्त एक स्वच्छ चमकदार टिंग, आणि फोनची नोटिफिकेशनं तशीच असतात. फोनवरच्या आवाजाला हा धोका कायम आहे, कारण तो ज्या यंत्रातून येतो त्याच यंत्राचे स्वतःचे पण आवाज असतात.

उपाय म्हणून दोन गोष्टी केल्या. धण्यांचा कर्र परत वर आणला, म्हणजे टण्णच्या आधी कानाला खरखरीत काहीतरी लागतं, आणि टण्णवरची सगळी सफाई काढून मूळ टेक ठेवला, त्यात बत्ता काठावर किंचित घासल्याचा आवाज आहे. आठवड्याने नवीन माणसांवर लावलं, खिशाकडे कोणाचा हात गेला नाही. आणि वहिनींच्या जाऊबाईंना काहीच न सांगता दुसऱ्या खोलीतून लावलं, त्या तिथूनच ओरडल्या, "हाऊ ते आपला खलबत्ताना आवाज शे!"

एक गोष्ट विचारताना सांभाळा. "आवडला का" असं विचारू नका, ओळखीचे लोक हो म्हणतात. विचारा "हा कशाचा आवाज वाटला", आणि दुसऱ्या दिवशी पाच-सहा वेगळ्या आवाजांत मिसळून विचारा की यातला काल कुठला ऐकला होता.

व्हिडिओत कुठे टाकायचा

टीव्हीच्या सवयीने सगळे शेवटी लोगो आणि शेवटीच आवाज टाकतात. रील बघणारा शेवटापर्यंत थांबेलच असं नाही, अंगठा वर सरकला की संपलं, म्हणजे मेहनतीचा आवाज ज्यांना ऐकवायचा त्यातल्या बऱ्याच जणांपर्यंत जातच नाही. पण सुरुवातीला काळ्या पडद्यावर लोगो आणि आवाज टाकला तर जाहिरात समजून लोक तिथेच पुढे जातात. आम्ही मधला रस्ता काढला, व्हिडिओचा पहिला शॉटच खलबत्त्याचा, आवाज त्या क्रियेतूनच येतो, आणि तिसऱ्या ठोक्याला, म्हणजे टण्णवर, कट मारून थेट कढईतली फोडणी. लोगो तेव्हा कोपऱ्यात येतो. ज्यांचा फोन म्यूटवर आहे त्यांना आवाज नाही पण तो हात दिसतो, हे पण कामाचं आहे.

जुळवताना घाव दिसतो त्याच फ्रेमला आवाज पाहिजे. तीस फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम साधारण ३३ मिलिसेकंदांची, तेवढी चूक चालून जाते, पण चुकायचंच असेल तर आवाज एक फ्रेम उशिरा येऊ द्या, आधी नाही. निसर्गात आवाज दृश्यानंतरच येतो, म्हणून आधी आलेला पटकन खटकतो. फाईल एमपीथ्री करून टाकाल तर सुरुवातीला बारीकशी शांतता चिकटते आणि सगळं सरकतं, म्हणून एडिटिंगला WAV च वापरा.

टण्ण संपायच्या आत बोलणं सुरू करू नका. वहिनींचा आवाज आणि खलाचा नाद एकाच वरच्या पट्ट्यात भांडतात आणि दोन्ही अस्पष्ट होतात, शेपटी निम्मी विरली की पहिला शब्द. आणि लेव्हल लावताना नुसतं मीटरचं टोक बघू नका, घावाचं टोक उंच असतं पण तो कानाला बारीक वाटतो, म्हणून आधी लिमिटरने तीन-चार डीबी टोक दाबा, मग डोळे मिटून बोलण्याच्या शेजारी ऐकून ठरवा. बोलण्याएवढाच वाटला पाहिजे, जास्त झाला तर रात्री झोपलेल्या पोराजवळ फोन बघणारी बाई पुढच्या वेळी तुमचा व्हिडिओ उघडणार नाही. पूर्ण व्हिडिओचं टोक −१ डीबीच्या खाली राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅप परत कॉम्प्रेस करतं, तिथे काठोकाठ भरलेला आवाज फाटतो.

अ‍ॅपमधून ट्रेंडिंग गाणं लावणार असाल तर खास लक्ष द्या, गाणं लावताना मूळ व्हिडिओच्या आवाजाची पट्टी शून्यावर जाऊ देऊ नका, नाहीतर खूण पुसली जाते. वहिनींच्या पहिल्या दोन रील्समध्ये हेच झालं होतं.

एकच ठेवा, आणि कागद करा

पूर्ण सव्वा सेकंदाची एक फाईल आणि नुसत्या टण्णची अर्ध्या सेकंदाची एक, बस. दिवाळीला सनई जोडून आणि कानबाईच्या वेळी ढोल जोडून वेगळं करायचा मोह होतो, पण सूर, क्रम आणि अंतर या तिन्हीला हात लावू नका.

दुसऱ्याकडून बनवून घेत असाल तर पैसे दिले म्हणजे हक्क आपला झाला असं धरू नका. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हक्क देणं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं, आणि कागदात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आमचा कागद एका पानाचा आहे: कुठला आवाज, कोणाला, कायमचा, सगळीकडे, आणि मी कुठलीही तयार लायब्ररीची क्लिप वापरलेली नाही. हे शेवटचं वाक्य जरूर लिहून घ्या, फुकट क्लिप दुसऱ्या दहा जणांकडे पण असते.

ट्रेडमार्क पण आवाजाचा होतो, भारतात याहू या इंटरनेट कंपनीच्या योडलला, म्हणजे गाऊन मारलेल्या आरोळीला, २००८ साली मिळाला होता. ट्रेडमार्क नियम, २०१७ प्रमाणे ३० सेकंदांच्या आत एमपीथ्री आणि सोबत त्याचं स्वरलेखन द्यावं लागतं, मसाले वर्ग ३० मध्ये येतात, आणि एकट्या माणसाची किंवा लहान उद्योगाची ऑनलाईन फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. पण आमच्या बाबतीत एक अडचण आहे जी मी वहिनींना आधीच सांगितली. मसाल्यासाठी खलबत्त्याचा आवाज म्हणजे मालाचंच वर्णन झालं, त्यावर एकट्याचा हक्क मागणं अवघड जातं. आपल्याकडे सांगण्यासारखं आहे ते हा क्रम, ते लवकर पडणारं दुसरं ठक आणि काळी दोनचा सूर, आणि लोक यावरून आपल्याला ओळखतात हे दाखवायला वापराचा पुरावा लागतो. म्हणून सध्या प्रत्येक व्हिडिओची तारीख, लिंक आणि मूळ फाईल एका फोल्डरमध्ये जमा करतोय, आणि आवाज ओळखून ऑर्डर केली असं कोणी मेसेजमध्ये लिहिलं तर त्याचा स्क्रीनशॉट पण. अर्ज पुढच्या वर्षी करू.